गळती सापडल्याशिवाय गॅस भरायचा नाही

आमच्या कंपनीचं ध्येय आणि मूल्यं सांगणारा एक कागद आहे, एकाच पानाचा. गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये तो जॉब कार्डांच्या ट्रेच्या वर लावलेला आहे. त्यात एक वाक्य असं आहे: ‘गळती सापडल्याशिवाय गॅस भरायचा नाही.’ बाहेरचा माणूस हे वाचून थबकतो. मूल्यं म्हटली की सचोटी, गुणवत्ता, ग्राहकसेवा असे शब्द त्याने अपेक्षित धरलेले असतात, आणि इथे वर्कशॉपमधली सूचना लिहिलेली दिसते. पण गेल्या काही वर्षांत आम्ही माणसं घेताना, कामं नाकारताना आणि पगार ठरवताना जेवढा या वाक्याचा आधार घेतला, तेवढा दुसऱ्या कशाचा घेतला नाही.

आम्ही शीतगृहांचं काम करतो. हॉटेलांच्या कोल्ड रूम, मासळीवाल्यांचे फ्रीझर, औषधांच्या वितरकांच्या थंड खोल्या बसवायच्या आणि सांभाळायच्या. वर्कशॉप माझा मोठा भाऊ बघतो, त्याला सगळे भाई म्हणतात. ऑफिस, हिशेब आणि माणसं माझ्याकडे. आठ-दहा माणसं होती तोवर कागदाची गरज पडली नाही. प्रत्येक तंत्रज्ञ सकाळी भाईशी बोलून निघायचा, अडला तर फोन करायचा, आणि भाईचं उत्तर हेच कंपनीचं धोरण असायचं. पेडण्याकडची कामं वाढली तसे दोन गट झाले, एक उत्तरेला आणि एक मडगाव-काणकोणाकडे. वीस माणसं झाली. वीस माणसं झाली की भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू होतो, म्हणून तो आकडा माझ्या चांगला लक्षात आहे. त्याच सुमाराला माझ्या हेही लक्षात आलं की आता दिवसातले बरेचसे निर्णय भाईच्या कानावर न येताच होतात. उत्तरेचा गट एक सांगतो, दक्षिणेचा दुसरं, आणि दोघांनाही वाटतं की भाईने हेच सांगितलं असतं.

मग लिहायला बसलो. चांगल्या गुणांची यादी करून त्यातले पाच निवडणं हा सोपा रस्ता होता, तो आम्ही घेतला नाही. एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या मूल्यांत आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता होती. 2001 मध्ये ती हिशेबातल्या लबाडीमुळे बुडाली. त्या चार शब्दांत चूक काहीच नव्हतं, पण रोजच्या कामात त्यातला एकही शब्द कोणाला कशापासून अडवत नव्हता. याच्या उलट जॉन्सन अँड जॉन्सनचं उदाहरण. रॉबर्ट वूड जॉन्सन यांनी 1943 मध्ये त्या कंपनीसाठी एक पानभर मजकूर लिहिला आणि त्यात जबाबदाऱ्यांचा क्रम लावला: आधी औषध वापरणारे, मग कर्मचारी, मग समाज, आणि शेवटी भागधारक. 1982 मध्ये शिकागो परिसरात कोणीतरी त्यांच्या टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड घातलं आणि सात माणसं दगावली. तेव्हा कंपनीने देशभरातून सुमारे 3 कोटी 10 लाख बाटल्या परत मागवल्या. पैसा आणि माणूस यांत आधी कोण, हे त्या पानावर आधीच लिहिलेलं होतं. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटला. दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड आल्या की कोणती मागे सरकेल, हे ज्या कागदावरून कळतं तोच कागद कामाच्या माणसाच्या उपयोगाचा.

पावसाळ्यात आमच्याकडे काम कमी असतं. पर्यटनाचा हंगाम संपलेला, मासेमारीबंदीमुळे मासळीवालेही थंड. त्या दिवसांत आम्ही सगळ्यांना तीन प्रश्न विचारले. आपण पैसे किंवा गिऱ्हाईक गमावलं, पण पुन्हा वेळ आली तर तेच करू, असं कुठे झालं? कोणत्या निर्णयावरून आपल्यात भांडण झालं आणि ते अजून मिटलेलं नाही? आणि कोणाला आपण जा म्हटलं किंवा कोण गेलं म्हणून हळहळलो, आणि का? ज्यांना लिहिणं जमत नव्हतं त्यांच्याकडून मी तोंडी ऐकून लिहून घेतलं. स्टोअर सांभाळणाऱ्या ताईंनी दिलेली माहिती सगळ्यांत उपयोगी ठरली, कारण कोणता तंत्रज्ञ कोणत्या साइटवर पुन्हा पुन्हा गॅस नेतो हे त्यांच्या रजिस्टरमध्ये होतं.

या सगळ्यातून जी वाक्यं निघाली त्यांना एकच चाळणी लावली: याच्या उलट वागणारी एखादी चांगली, सरळ कंपनी असू शकते का? ‘आम्ही प्रामाणिक आहोत’ हे या चाळणीत राहत नाही, कारण ‘आम्ही अप्रामाणिक आहोत’ असं कोणी म्हणणार नाही. गॅसचं वाक्य मात्र राहतं, आणि का राहतं ते नीट सांगायला हवं.

कोल्ड रूम थंड होत नाही असा फोन येतो. तंत्रज्ञ जातो, गेज लावतो, दाब कमी दिसतो, म्हणजे गॅस कमी आहे. यंत्रातला गॅस वापरून संपत नाही, तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने कंडेन्सरची कॉइल खाल्ली जाते, फ्लेअर नट सैल पडतात, थरथरीने ब्रेझिंगने, म्हणजे धातू वितळवून, जोडलेले सांधे फुटतात. इथे दोन मार्ग असतात. एक, सिलिंडर जोडून गॅस भरायचा. तासाभरात खोली थंड, गिऱ्हाईक खूश, बिल हातात. दुसरा, उरलेला गॅस काढून घ्यायचा, नळ्यांत नायट्रोजन भरून दाब धरायचा, साबणाचं पाणी आणि डिटेक्टर घेऊन सांधा न् सांधा तपासायचा, बारीक गळती असेल तर रात्रभर दाब धरून सकाळी काटा बघायचा, दुरुस्ती झाल्यावर नळ्यांतली हवा ओढून व्हॅक्यूमच्या मापात दाब पाचशे मायक्रॉनच्या खाली नेऊन तो तिथे टिकतो का ते पाहायचं, आणि मगच वजन करून गॅस भरायचा. यात अख्खा दिवस जातो, कधी दोन.

पहिला मार्ग धरणारे सगळे लबाड असतात असं नाही. ‘आधी थंड करू, मग शोधू’ हे धोरण म्हणून सरळ आहे, आणि हंगामात गिऱ्हाईकाला तेच हवं असतं. पण बहुतेक वेळा ते ‘मग’ येत नाही. गॅस पुन्हा कमी होतो, कॉम्प्रेसरला परत येणारा थंड गॅस पुरत नाही म्हणून तो तापतो, नळ्यांत गेलेलं तेल परत येत नाही, आणि एक दिवस कॉम्प्रेसर जळतो. तोवर तिथला बराचसा गॅस हवेत गेलेला असतो. जुन्या फ्रीझरांत आर-404ए असतो, आणि त्याची पृथ्वी तापवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ 3900 पट आहे. आम्ही दुसरा मार्ग निवडतो, आणि त्याची किंमत हीच की घाईतलं गिऱ्हाईक आमच्याकडून जातं. ही किंमत आम्ही कागदावर त्या वाक्याच्या खालीच लिहिली आहे. किंमत लिहिली नसती तर पहिल्याच तक्रारीला वाक्य वाकलं असतं.

ध्येयाचं वाक्यही याच रीतीने आलं: ‘गोव्यात ज्यांचा माल नाशवंत आहे, त्यांचा माल थंडी गेल्यामुळे वाया जाऊ नये.’ ते लिहून झाल्यावर थोड्याच दिवसांत पर्वरीच्या एका नव्या इमारतीचे सगळे एसी बसवायचं आणि सांभाळायचं काम समोर आलं. मोठं काम होतं, पैसेही चांगले होते. भाईचा जीव त्यात अडकला होता. पण फ्लॅटमधल्या एसीत नाशवंत काही नसतं, आणि त्याची सगळी ब्रेकडाऊन एप्रिल-मेमध्ये येतात. तेव्हाच मासळीवाल्यांचे फ्रीझर बंदीच्या आधी भरलेले असतात. एक गट त्या इमारतीत अडकला असता तर ज्यांच्यासाठी हे वाक्य लिहिलं त्यांनाच थांबावं लागलं असतं. ते काम आम्ही सोडलं. एका वाक्याने एवढं सांगितलं तर त्याच्याकडून आणखी मागू नये असं माझं मत आहे.

भरतीची गोष्ट मात्र एका वाक्यात संपत नाही.

कागद पक्का करण्याआधी मसुदा जुन्या माणसांवर लावून पाहिला. आतापर्यंत घेतलेल्यांपैकी काही जण निवडले, ज्यांच्यामुळे काम वाढलं असे आणि ज्यांना घेऊन पस्तावलो असेही. मसुद्यातलं प्रत्येक वाक्य या दोन टोकांना वेगळं करतं का, एवढंच बघायचं होतं. ‘फोन आला की लगेच धावून जाणारा’ हे वाक्य आम्हाला फार आवडलं होतं. पण पस्तावलेल्या यादीतलेही सगळे लगेच धावून जाणारेच निघाले, म्हणून ते काढून टाकलं. राहिली तीन: गळतीचं, ‘वाईट बातमी त्याच दिवशी सांगायची, गिऱ्हाईकाला आणि ऑफिसला’, आणि ‘वरिष्ठ तंत्रज्ञ शिकाऊ मुलाला बरोबर घेतल्याशिवाय साइटवर जात नाही.’ तिन्हीत कृती आहे, आणि ती झाली की नाही हे दुसऱ्याला दिसू शकतं.

हा शेवटचा मुद्दा गोव्यात, आणि कदाचित सगळीकडेच, फार जपावा लागतो. मूल्यांच्या नावाखाली ‘हा आपल्यात बसेल का’ हा प्रश्न आत शिरतो, आणि त्याचं उत्तर आडनाव, गाव, वाडा, कोकणी कशी बोलतो यांवरून मिळतं. ‘आम्ही एका कुटुंबासारखे’ हे वाक्य एका जुन्या मसुद्यात होतं. ते मी हट्टाने काढायला लावलं. आमचे सर्वांत नेमके दोन ब्रेझिंग करणारे झारखंडमधून आलेले आहेत. कुटुंबासारखं कोण वाटतं या प्रश्नावर त्यांची निवड झाली नसती. आमच्या मुलाखतीच्या तक्त्यात ‘बसेल-न बसेल’ असा रकानाच नाही. आधी कामाची किमान पात्रता बघतो, आणि ती नसेल तर पुढचं काही विचारत नाही. ती असेल तर तिन्ही वाक्यांचे तीन रकाने. प्रत्येकात एक, तीन आणि पाच गुण कशाला द्यायचे याचं आमच्याच कामातलं उदाहरण लिहिलेलं आहे. दोघे जण मुलाखत घेतात आणि गुण वेगवेगळे लिहून झाल्याशिवाय एकमेकांशी बोलत नाहीत. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. गप्पा मारून माणूस ओळखण्यापेक्षा अशी बांधीव मुलाखत पुढच्या कामाचा जास्त चांगला अंदाज देते, हे त्या विषयातल्या संशोधनात वारंवार दिसलेलं आहे.

प्रश्नही मागच्या घटनेबद्दलचे. ‘तू प्रामाणिक आहेस का’ याला एकच उत्तर येतं. ‘दुरुस्ती करून आलास आणि ती टिकली नाही, असं शेवटचं कधी झालं? पहिल्यांदा कोणाला सांगितलंस? त्याच दिवशी की नंतर?’ याला मात्र तपशील द्यावा लागतो. ज्याच्याकडे घटना असते तो साइटचं, यंत्राचं, त्या दिवसाच्या गडबडीचं सांगत जातो. ज्याच्याकडे नसते तो ‘आपण नेहमी सांगून टाकायचं असतं’ अशा सामान्य वाक्यांवर येतो.

त्यानंतर हाताची परीक्षा. शेडमध्ये एक जुनं कंडेन्सिंग युनिट आहे, त्यात आम्ही एक बारीक गळती मुद्दाम ठेवतो, सर्व्हिस व्हॉल्व्हच्या कोअरमध्ये, जिथे टोपी काढून बघितल्याशिवाय लक्षात येत नाही. दोन तास देतो. मध्येच भाई येऊन विचारतो, ‘किती वेळ? हॉटेलवाल्याचे फोन येतायत.’ शेवटी सर्व्हिस रिपोर्ट भरून द्यायचा. गळती सापडणं हा त्यातला एक भाग. आमचं खरं लक्ष त्या रिपोर्टावर असतं.

एका सप्टेंबरमध्ये हंगामाच्या तोंडावर एक जागा भरायची होती आणि शेवटी दोघे उरले. एक सात वर्षांचा अनुभवी, हात इतका सफाईदार की बघत राहावं. दुसरा फर्मागुडीच्या आयटीआयमधून बाहेर पडून जेमतेम दीड वर्ष काम केलेला. अनुभवी माणसाने सांधे तपासले, काही मिळालं नाही, गॅस भरला, युनिट थंड केलं आणि रिपोर्टात लिहिलं, ‘लीकेज चेक केलं, ओके.’ मुलाने अर्धा वेळ चुकीच्या टोकाला घालवला. त्यालाही काही सापडलं नाही. त्याने लिहिलं, ‘दाब उतरतो आहे, जागा सापडली नाही. रात्रभर नायट्रोजनवर ठेवावं लागेल. गॅस भरलेला नाही.’

भाईला अनुभवी माणूस हवा होता. ‘अगं, ऑक्टोबर लागतोय. या मुलाला शिकवायला माणूस कुठून आणू?’ त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. शिवाय मलाही एक शंका होती: जिथे ‘सापडलं नाही’ लिहिल्यावर शिव्या खाव्या लागतात अशा ठिकाणी माणसाने सात वर्षं काढली असतील, तर त्याचं ‘ओके’ हे भीतीतून आलेलं असू शकतं. म्हणून आम्ही त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं, कागद वाचून दाखवला, आमच्याकडे न सापडणं हा गुन्हा नाही हे सांगितलं आणि परीक्षा पुन्हा दिली. नियम कळल्यावर बदलणारा माणूस आम्हाला चालला असता. त्याने आधी एक प्रश्न विचारला: ‘ताई, मी दिवसभर एकाच गळतीवर बसलो तर मला त्या दिवसाचा इन्सेंटिव्ह मिळणार का?’

आमचा इन्सेंटिव्ह तेव्हा दिवसात किती कॉल बंद केले यावर होता.

त्याला उत्तर देताना मी खरं तेच सांगितलं, की सध्या नाही. दुसऱ्या परीक्षेतही त्याने युनिट थंड करून ‘ओके’ लिहिलं, आणि आम्ही त्या मुलाला घेतलं. पण त्या माणसाच्या प्रश्नामुळे आमचा पगाराचा तक्ता बदलला. कागद सांगतो गळती शोध, आणि पगार सांगतो पुढच्या कॉलला पळ. अशा वेळी माणूस पगाराचं ऐकतो, आणि त्याने ऐकावंच. तेव्हापासून कॉलची संख्या मोजणं बंद केलं. त्याच यंत्रावर त्याच कारणासाठी तीस दिवसांत पुन्हा जावं लागलं का, हे मोजतो, आणि गटाचा इन्सेंटिव्ह त्यावर देतो. पहिल्या दोन महिन्यांत सगळ्यांच्या हातात थोडे कमी पैसे पडले आणि कुरकुर झाली. मग परत जावं लागणारी कामं घटली तसा आकडा वर आला. मूल्यांचा कागद लिहिणाऱ्यांनी त्याच टेबलावर इन्सेंटिव्हचा तक्ता, सुट्टीचे नियम आणि बढतीची यादी ठेवावी असं मला कळकळीने वाटतं. कागद आणि तक्ता कुठे भांडतात ते तिथल्या तिथे दिसतं.

मुलगा त्या हंगामात संथ होता, हेही लिहायला हवं. बाकीच्यांवर भार पडला, दोघांनी जादा तास केले. आणि त्याच वर्षी नाताळच्या आठवड्यात कागदाची खरी कसोटी लागली. मोरजीकडच्या एका हॉटेलचा फ्रीझर उणे अठरावरून उणे नऊवर आला. आत नवीन वर्षाच्या जेवणांची मासळी आणि मांस. मुख्य आचारी गॅस भरा म्हणून ओरडत होता. नियमाला जोडून आमच्याकडे एक ओळ आहे: माल धोक्यात असेल तर आधी माल हलवायचा. त्यासाठी आम्ही शेडमध्ये एक छोटा फ्रीझर रिकामा आणि चालू ठेवतो, आणि म्हापशाच्या एका रेफर, म्हणजे थंड डब्याच्या, टेम्पोवाल्याशी वर्षाचं बोलणं केलेलं आहे. टेम्पो आला, माल हलला, कंडेन्सरच्या कॉइलमध्ये खाऱ्या हवेने पडलेलं भोक मध्यरात्रीनंतर सापडलं. ते टाका घालण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कॉइल बदलली. आचाऱ्याने आमच्याशी पुढे बोलणं टाकलं. हॉटेलने वर्षाचा करार चालू ठेवला, पण रक्कम घासाघीस करून खाली आणली.

दर वेळी टेम्पो मिळत नाही. तेव्हा अपवाद करतो: गॅस एकदाच भरायचा, रिपोर्टावर ‘तात्पुरतं’ लिहायचं, गळती शोधण्याची तारीख सात दिवसांच्या आतली टाकायची आणि गिऱ्हाईकाची सही घ्यायची. असा प्रत्येक अपवाद एका वहीत जातो, कोणी आणि का केला यासह. भाईने केलेलाही. किंबहुना भाईचे आणि माझे अपवाद तर लिहिलेच पाहिजेत, कारण मालकाने गुपचूप मोडलेला नियम आठवडाभरात सगळ्यांचा मोडतो. पावसाळ्यात वही सगळ्यांसमोर वाचतो. एकच अपवाद वारंवार दिसला तर दोनच शक्यता असतात. नियम चुकीचा आहे, किंवा त्याची किंमत मोजायची आमची तयारी नाही.

या पावसाळ्यात तिसऱ्या वाक्याची पाळी आहे. वरिष्ठ तंत्रज्ञ शिकाऊ मुलाशिवाय जात नाही, असं आम्ही लिहिलं. वहीत डिसेंबर-जानेवारीची पानंच्या पानं एकट्याने गेलेल्या वरिष्ठांनी भरली आहेत. भाई म्हणतो, नियम फक्त एप्रिल ते नोव्हेंबर ठेवू. माझं म्हणणं, शिकण्यासारखी बिघाडं हंगामातच येतात, तेव्हा हंगामासाठी आणखी दोन शिकाऊ मुलं घेऊ, आणि त्यांचा पगार करारांच्या दरात धरू. आकडे मी काढून ठेवले आहेत. ते जमत नसतील तर वाक्य कागदावरून काढावं, असं मी भाईला सांगितलं आहे, आणि तो त्याला कबूल आहे.